वसतिगृहाचा ग्रुप फोटो आणि स्वागत समारंभातली चार मिनिटे

प्रश्न : माझ्या हॉस्टेलच्या जिवलग मित्राचं पुढच्या महिन्यात सांगलीत लग्न आहे. रिसेप्शनला मी दोन शब्द बोलावेत असं त्याच्या घरच्यांनी सांगितलंय. आमचा २०१४ चा ग्रुप फोटो सापडलाय. त्यात तो मागच्या रांगेत अगदी टोकाला आहे, अंगात माझा शर्ट आहे, आणि सगळ्यांत तो एकटाच कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघतोय. फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवून बोलू का? मुलीकडची माणसं मला ओळखतही नाहीत.

उत्तर :

सांगली, मिरज, कराड आणि सातारा या पट्ट्यात मी बावीस वर्षे लग्नसमारंभांचे निवेदन करत आहे, आणि त्या काळात नवरदेवाच्या मित्रांच्या हातात माईक देऊन बाजूला उभे राहण्याची वेळ माझ्यावर असंख्य वेळा आली आहे. फोटो हाताशी असूनही भाषण पडते, याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. त्या फोटोकडे पाहिले की तुमच्या मनात सगळे वसतिगृह उभे राहते, आणि मुलीच्या मावशीला मात्र ओळीने उभी राहिलेली अनोळखी मुले दिसतात. बोलणारा फोटोचे वर्णन करत राहतो, त्याचे दोन-चार मित्र हसतात आणि बाकीचे सभागृह जेवण सुरू झाले का ते पाहू लागते. म्हणून तुमच्या पुढचे खरे काम असे आहे की त्या फोटोतून नवरदेवाच्या हातून घडलेली एक गोष्ट शोधायची, आणि ती अशी सांगायची की फोटो न पाहिलेल्या माणसालाही ती पुरती समजावी.

काही गोष्टी मात्र तिथल्या व्यवस्थेवर अवलंबून आहेत आणि त्या आधी विचारून घ्याव्या लागतील. आपल्याकडे पेला उंचावून शुभेच्छा देण्याची पद्धत नसल्यामुळे मित्राच्या भाषणाला कार्यक्रमात ठरलेली जागा नसते. अक्षतांच्या आधी मान्यवरांचे स्वागत आणि आशीर्वादाची भाषणे चालू असतात, त्यात मित्राने शिरू नये, कारण मुहूर्त गाठण्याच्या घाईत कोणाचेही लक्ष नसते. हळदीच्या रात्री बोलायचे असेल तर घरचीच माणसे असतात आणि थोडा मोकळेपणा चालतो. तुम्ही स्वागत समारंभात बोलणार आहात, आणि तिथे नवरा-नवरी मंचावर आल्यापासून आहेराची रांग लागेपर्यंत जेमतेम दहा-बारा मिनिटे मिळतात. रांग एकदा सुरू झाली की मंचावर फोटो, खाली गप्पा आणि पलीकडे भांड्यांचा आवाज, यांत कोणाचेही भाषण ऐकू जात नाही. तेव्हा निवेदकाला आणि मुख्य छायाचित्रकाराला दोघांनाही आदल्या दिवशी सांगून ठेवावे की रांग सोडण्यापूर्वी मला चार मिनिटे हवी आहेत. मंगल कार्यालयात आवाज घुमतो, त्यामुळे मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांपेक्षा जास्त वेगाने बोलले तर शब्द एकमेकांत मिसळतात. चार मिनिटे म्हणजे साडेचारशे शब्द, त्याहून अधिक लिहूच नका.

आता फोटो कसा वाचायचा, ते एका प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगतो. २०२२ साली मिरजेच्या एका लग्नासाठी नवरदेवाचा मित्र माझ्याकडे असाच एक फोटो घेऊन आला होता. साताऱ्याच्या एका वसतिगृहातला तो फोटो, चार रांगांत एकतीस मुले, पुढच्या खुर्च्यांवर रेक्टर आणि दोन शिक्षक. मित्राचे घर सांगलीच्या गावभागात असल्यामुळे २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात तो फोटो पाण्यात राहिला होता. चेहरे वाचले होते, पण खालची पट्टी, जिच्यावर ‘खुर्चीवर बसलेले’, ‘उभे, पहिली रांग, डावीकडून’ अशी नावे छापलेली असतात, ती पुरती धुऊन गेली होती. त्याने लिहून आणलेले भाषण असे सुरू होत होते : ‘हा आमचा ग्रुप फोटो. यात आमची सगळी गँग आहे. हा पक्या, हा दाद्या, आणि हा आपला नवरदेव, तेव्हा किती बारीक होता बघा.’ पुढे दीड पान टोपणनावे होती.

मी त्याला ते भाषण बाजूला ठेवायला सांगितले आणि पंधरा मिनिटे फक्त फोटोकडे पाहून, नवरदेवाच्या अंगावर, हातात आणि आसपास जे दिसते तेवढेच लिहायला लावले. आठवणी लिहायच्या नाहीत, केवळ दिसेल ते. त्याने चौदा गोष्टी लिहिल्या. केसांचा भांग, पायातली स्लीपर, मनगटावरचे घड्याळ, शेजारच्याच्या खांद्यावर ठेवलेला हात, असे बरेच काही. त्यांतल्या प्रत्येकीपुढे मी एकच प्रश्न विचारत गेलो : ‘हे असे का आहे?’ भांगाला काही कारण नव्हते. घड्याळ सगळ्यांकडेच होते. स्लीपर का, तर रविवार होता. अकराव्या ओळीवर ‘उजवा खिसा फुगलेला, दोरी बाहेर लोंबते’ असे होते. हे का, असे विचारल्यावर तो सहज म्हणाला, ‘किल्ल्या असणार. सगळ्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडेच असायच्या.’ मी विचारले, त्याच्याकडेच का? आणि तिथून पुढे मला काहीही विचारावे लागले नाही.

नवरदेव जत तालुक्यातला. साताऱ्याहून घरी जायचे तर मध्ये एसटी बदलावी लागे आणि एका दिवसाच्या सुटीसाठी ते परवडत नसे, त्यामुळे शनिवार-रविवार तो वसतिगृहातच राहायचा. कोरेगाव, वाई, कराड, पाटणची मुले शनिवारी दुपारी निघायची आणि जाताना आपापल्या खोलीची किल्ली त्याच्या हातात ठेवायची. कोणाचे कपडे वाळत असत, ते तो संध्याकाळी काढून घडी घालून ठेवायचा. पाणी दिवसाआड यायचे, तेव्हा रविवारी पहाटे उठून तो सात-आठ खोल्यांतल्या बादल्या भरून ठेवायचा. रविवारी रात्री मुले परतली की व्हरांड्यात जुडगा घेऊन हा उभा असायचा. फोटो काढला तो रविवार होता आणि किल्ल्या अजून त्याच्या खिशात होत्या.

तुम्हीही आपल्या फोटोच्या बाबतीत हीच चाळणी लावा. जी गोष्ट केवळ तो कसा दिसत होता एवढेच सांगते, ती सोडून द्यावी, आणि जिच्यामुळे तो काय करत असे ते कळते, ती ठेवावी. बारीक होता, मिशी फुटली नव्हती, कपडे जुन्या पद्धतीचे होते, या गोष्टी कोणत्याही नवरदेवाच्या कोणत्याही फोटोला लागू पडतात. खिशातल्या किल्ल्या मात्र एकाच माणसाच्या असतात.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच घोटाळा होतो. जी आठवण तुम्हाला पक्की वाटते, ती फोटोतल्या आणखी किमान दोघांना फोन करून तपासावी, आणि फोन करताना आपली हकिकत आधी सांगू नये. ‘त्याच्या किल्ल्या आठवतात का?’ असे विचारले की समोरचा हो म्हणतो. ‘शनिवारी तुम्ही घरी जायचात तेव्हा खोलीचे काय करायचात?’ असे विचारले की त्याला स्वतःला जे आठवते ते तो सांगतो. पट्टी धुऊन गेलेली असल्यामुळे त्या मित्राला तसेही कोण कुठे उभे आहे यासाठी फोन करावेच लागले. पट्टी शाबूत असली तरी तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, कारण एक नाव छापताना सुटले की पुढची सगळी नावे एकेका चेहऱ्याने सरकतात. त्या फोनांत दोघांनी किल्ल्यांची गोष्ट आपणहून सांगितली, आणि एकाने तिच्यात अशी भर घातली की जी मित्राला माहीतच नव्हती. एकदा नवरदेवाने त्याची किल्ली हरवली होती. रविवारी रात्री हा पाटणहून आला तेव्हा कुलूप दगडाने फोडलेले होते, दाराला नवरदेवाच्या स्वतःच्या खोलीचे कुलूप लावलेले होते आणि नवरदेवाची खोली पुढचे चार दिवस सुतळीने बांधलेली होती.

ही भर म्हणजे त्या भाषणाचा प्राण ठरली. नुसते गुण सांगितले की सभागृहाला ते स्थळ दाखवल्यासारखे वाटते. त्याची एक चूक सांगितली आणि ती त्याने कशी निस्तरली तेही सांगितले की माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि हसायचे तिथे मुलीकडचे पाहुणेही हसतात, कारण हरवलेली किल्ली समजायला वसतिगृहात राहिलेले असावे लागत नाही. थट्टेसाठी मी स्वतः एवढीच मर्यादा पाळतो की ज्या चुकीचा भुर्दंड त्याने स्वतः सोसला, तीच लग्नात सांगावी. नापास झाल्याच्या, कोणामागे फिरल्याच्या किंवा भिंतीवरून उडी मारून सिनेमाला गेल्याच्या हकिकती मित्रांच्या बैठकीत कितीही रंगल्या तरी सासऱ्यांच्या पहिल्या रांगेपुढे त्यांचा रंग वेगळा दिसतो.

शेवटी त्याने जे भाषण केले त्याची सुरुवात मला आजही जवळपास तोंडपाठ आहे : ‘साताऱ्यात आम्ही तीन वर्षं एका वसतिगृहात राहिलो. शनिवारी दुपारी आम्ही सगळे गावाला पळायचो. याचं गाव लांब, त्यामुळे हा राहायचा. जाताना आम्ही खोलीची किल्ली याच्या हातात ठेवायचो. पहिल्या वर्षी तीन किल्ल्या होत्या, तिसऱ्या वर्षी अकरा झाल्या. आम्ही कोणी ठरवलं नव्हतं, कोणी त्याला विचारलंही नव्हतं.’ मग बादल्या, मग हरवलेली किल्ली आणि सुतळीने बांधलेले दार. आणि नंतर तो नवरीकडे वळून म्हणाला, ‘वहिनी, त्या अकरा किल्ल्यांपैकी एक माझी होती. दार सुतळीनं बांधलेलं दिसलं तर याला रागवू नका, दुसऱ्या कोणाचं तरी कुलूप फुटलेलं असेल.’ एवढे बोलून त्याने दोघांना नमस्कार केला आणि माईक माझ्या हातात दिला. साडेतीन मिनिटे झाली होती.

यात त्याने फोटोचा उल्लेखच केला नव्हता, हे तुमच्या लक्षात आले असेल. त्यावरून तुमच्या स्क्रीनच्या प्रश्नाकडे वळतो. बोलण्याच्या सुरुवातीला फोटो दाखवू नये, असे माझे ठाम मत आहे. चित्र समोर आले की प्रत्येक जण आपापल्या ओळखीचा चेहरा शोधू लागतो आणि तुमचे पहिले अर्धे मिनिट वाया जाते. शिवाय अशा फोटोची मोठी प्रत बारा इंच रुंद असते, एका रांगेत दहा-पंधरा मुले असली की प्रत्येकाच्या वाट्याला इंचभर जागा येते आणि चेहरा जेमतेम सेंटिमीटरभराचा उरतो. तो कितीही ताणला तरी मागच्या खुर्चीवरून पुसटच दिसतो. दाखवायचाच असेल तर हकिकत संपल्यावर, शेवटच्या वाक्याच्या वेळी दहा सेकंद दाखवा, आणि पूर्ण फोटो न दाखवता तो व त्याच्या आसपासचे दोघे-तिघे एवढाच भाग कापून घ्या. फोटो काचेच्या चौकटीतून बाहेर काढूनच स्कॅन करा, ६०० डीपीआयवर. काच न काढता मोबाइलने टिपलेल्या प्रतीवर दिव्याचे किंवा तुमच्याच डोक्याचे प्रतिबिंब येते, आणि ते नेमके मोठ्या स्क्रीनवरच लक्षात येते. मिरजेच्या त्या लग्नात आम्ही कापलेला भाग शेवटी दाखवला होता. खिशातून लोंबणारी दोरी लोकांनी स्वतः हुडकली, आणि पुढच्या रांगेतून मुलीच्या आजोबांनी ‘ती बघा दोरी’ असे मोठ्याने म्हटले, तो हशा आम्ही योजलेला नव्हता.

फोटो कापण्याआधी त्यात आणखी कोण येते तेही पाहा. आजूबाजूच्यांपैकी कोणी आता हयात नसेल, किंवा नवरदेवाचे ज्याच्याशी बोलणे बंद आहे असा कोणी असेल, तर तो चेहरा मंगल प्रसंगी अचानक समोर येऊ नये. हे नवरदेवाला विचारायचे नाही, त्याच्या भावाला विचारायचे.

आता तुमच्या फोटोतल्या दोन गोष्टींबद्दल. शर्ट तुमचा आहे, हे तुम्हाला फार गमतीचे वाटत असणार, आणि वसतिगृहात शर्टांची अदलाबदल होतच असते. पण मंचावरून ‘त्याच्या अंगात माझा शर्ट आहे’ हे वाक्य उच्चारल्यावर ते कसे ऐकू जाईल याचा विचार करा. पहिल्या रांगेत त्याचे वडील बसलेले असतील, शेजारी नवे व्याही असतील, आणि त्या वाक्याचा अर्थ ‘मुलाकडे फोटोपुरताही धड शर्ट नव्हता’ असा लागेल. तुमच्याकडून काही घेतले, उधार नेले, खाल्ले अशा सगळ्या गोष्टींना हीच अडचण आहे, कारण तिच्यात देणारे तुम्ही ठरता आणि भाषणाचा नायक बदलतो. शर्ट त्याच्या अंगात का आला होता, हे मात्र आठवून पाहा. त्याचा स्वतःचा शर्ट त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या अंगात होता, असे निघाले, तर गोष्ट पुरती उलटते आणि सांगण्याजोगी होते. मग रांगेत त्याचा शर्ट शोधा. तसे काही नसेल तर शर्ट सोडून द्या.

माझा ओढा दुसऱ्या गोष्टीकडे आहे. छायाचित्रकार ‘इकडे बघा’ म्हणत असताना, रेक्टर खुर्चीवर बसलेले असताना, एकच मुलगा मान वळवून बाजूला पाहतो, याला बहुधा कारण असते, आणि टोकाला उभे राहण्यालाही असू शकते. तो उशिरा आला होता का? उशिरा आला असेल तर कुठून आला होता? तो ज्या बाजूला पाहत आहे तिथे चौकटीबाहेर काय होते, फाटक, मेसचे दार की रस्ता? कोणी यायचे राहिले होते का? नावांची पट्टी असेल तर तिच्या शेवटी ‘अनुपस्थित’ म्हणून छापलेली नावे असतात, ती वाचा, कारण तो ज्याची वाट पाहत असेल त्याचे नाव तिथे सापडण्याची शक्यता आहे. अर्थात छायाचित्रकाराच्या बाजूने कुत्रे गेले म्हणून त्याने मान वळवली असेही निघू शकेल. तसे असेल तर फोटोतली तिसरी, चौथी, दहावी गोष्ट शोधावी लागेल, पण ओढूनताणून अर्थ लावू नये. नवरदेव मंचावरच असतो, आणि खोट्या आठवणीवर तो जे हसतो ते हसू ओळखीच्या माणसांना लगेच कळते.

कारण सापडले की ते चार-पाच वाक्यांत लिहा आणि वसतिगृहात कधीही न राहिलेल्या घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला वाचून दाखवा. तिने मध्येच ‘हा कोण?’ असे विचारले तर ते नाव काढून टाका. एका भाषणात नवरदेवाखेरीज एकच नाव सभागृहाच्या लक्षात राहते, आणि ते नवरीचे असायला हवे. तिला तुम्ही वहिनी म्हणणार असलात तरी एकदा नावाने उल्लेख करा, आणि उच्चार तिच्या भावाकडून आधी नीट ऐकून घ्या. यमक जुळवण्याच्या भानगडीत पडू नका, उखाण्याचा मान त्या दोघांचा आहे.

पहिला फोन फोटोत त्याच्या लगत उभ्या असलेल्या मुलाला करा. टोकाला असल्यामुळे त्याला शेजारी एकच आहे, आणि त्या क्षणी त्याने मान वळवून काही म्हटले असेल, तर ते त्या एकानेच ऐकलेले असणार.